बदकांच्या दाराची वायर

गाडीतल्या विजेचं आपल्याला सगळं कळतं, असं डायनामो स्वतःच सांगत फिरायचा. पंचाईत अशी, की ते खरं होतं. हॉर्न अडकलेला असो, सेल्फ नुसता गुरगुरत असो, वायपर उन्हात चालू आणि पावसात बंद असा उलटा संसार करत असो, गॅरेजात गाडी आली की डायनामो बॉनेटमध्ये डोकं घालायचा आणि थोड्या वेळात दोषी वायर चिमटीत धरून बाहेर यायचा. नाव त्याला गॅरेजातल्या पोरांनी ठेवलं होतं. सायकलचा डायनामो चाक फिरलं की सुरू होतो, तसं याचे हात हलायला लागले की तोंडाचा पट्टा सुरू व्हायचा. बायकोने एकदा त्याला गप्प बसून पाना फिरवायला सांगितलं, तर त्याच्या हातून नटाचे आटे गेले. तेव्हापासून तिने नाद सोडला.

तर हा माणूस तोंडावर आपटला तो गाडीमुळे नाही, बदकांमुळे.

बदकं त्याच्या सासूबाईंची. सासूबाई गावाबाहेर एकट्या राहायच्या. वर घर, पुढे उताराची जागा, आणि उतार संपतो तिथे एक डबकं. त्याला त्या तळं म्हणायच्या आणि दुसऱ्या कुणी डबकं म्हटलं तर त्याला चहा मिळायचा नाही. तळ्याकाठी बदकांचं लाकडी खुराडं. बदकं सकाळी सोडायची आणि अंधार पडायच्या आत कोंडायची, नाहीतर रानमांजर एखादं उचलून न्यायचं. कळपाची म्होरकी एक जाडजूड पांढरी बदकीण होती. ती चालायला लागली की बाकीची रांग धरायची, थांबली की थांबायची, आणि तिने कुणाकडे मान तिरकी करून पाहिलं की त्याला उगीच आपण गृहपाठ केला नाहीये असं वाटायचं. तिला सगळे मुख्याध्यापिका म्हणत.

अडचण सासूबाईंच्या गुडघ्यांची होती. सकाळी खाली जा, संध्याकाळी खाली जा. अशाच एका संध्याकाळी त्या उतारावर घसरल्या आणि चिखलात बसून राहिल्या. हाड मोडलं नाही, पण उठताही येईना. शेवटी दूधवाल्याने हाका ऐकल्या आणि येऊन हात दिला.

ही बातमी मेहुण्याला कळली आणि त्याचे डोळे पांढरे झाले. मेहुणा, म्हणजे सासूबाईंचा मुलगा, लांबच्या शहरात विमा कंपनीत अपघाताचे दावे तपासायचा. दिवसभर माणसं कुठेकुठे पडतात हेच वाचून वाचून त्याला जिना दिसला की फ्रॅक्चर दिसायचं आणि साबण दिसला की कवटी. त्याने आल्या आल्या जाहीर केलं, की आई आता माझ्याकडे नवव्या मजल्यावर राहायला येणार. लिफ्ट आहे, फरशी खरखरीत आहे, न्हाणीघरात धरायला दांडे आहेत. आणि बदकं? बदकं त्याच्या ओळखीच्या एका माणसाकडे जातील, त्याच्याकडे याच्याहून मोठं तळं आहे.

सासूबाईंनी फक्त चहाचा कप दूर सारला. त्या कधी रडायच्या नाहीत, पण त्यांचा कप दूर सारला गेला की लेकीला, म्हणजे डायनामोच्या बायकोला, ते रडणंच आहे हे कळायचं. तिने नवऱ्याकडे पाहिलं. तिचं म्हणणं एवढंच होतं, की तुम्ही आता भावाला जरा समजावा. पण डायनामोचे हात त्या वेळी बिस्किटाचा पुडा उघडण्यात हलत होते, त्यामुळे तोंड सुरू झालं होतं.

तो म्हणाला की यात काय आहे, दार आपोआप उघडेल आणि आपोआप लागेल. उजेड ओळखणारा सेन्सर बसवू. अंधारून आलं की खुराड्यात दिव्याची पट्टी लागेल, बदकं उजेड बघून आत येतील, मग मोटर दार खाली सोडेल. सकाळी उलटं. सासूबाईंनी वर खुर्चीत बसून नुसतं बघायचं. सगळं बारा व्होल्टवर. बारा व्होल्ट म्हणजे आपलं घरच आहे.

मेहुण्याने विचारलं, आणि नाही चाललं तर? डायनामो म्हणाला, नाही चाललं तर बदकं तुझ्या माणसाला मी स्वतः उचलून देईन. बायकोने टेबलाखालून मारलेली लाथ पोचली, पण उशिरा. महिनाअखेरच्या रविवारी माणूस गाडी घेऊन येणार असं ठरलं. तोवर दार चाललं तर आई आणि बदकं इथे, नाही तर आई नवव्या मजल्यावर. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते यालाच.

मेन लाइन खाली न्यायची नाही हे डायनामोने शहाणपणानेच ठरवलं होतं. बदकं, पाणी आणि घरातला करंट ही तीन मंडळी एकत्र यायला नकोत. खुराड्यात बॅटरी ठेवावी, तर तिची विचारपूस करायला कुणीतरी तिथवर जायला हवं, म्हणजे पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. म्हणून बारा व्होल्टचा अडॅप्टर वर घरात, आणि तिथून वायर खाली. त्याने अंतर मोजलं, ते पन्नास मीटर भरलं. गॅरेजात गाड्यांच्या स्पीकरला वापरतात तसल्या बारीक दुपदरी वायरीचं बंडल पडलं होतं, तेच त्याने आणलं. गाडीत या वायरीने त्याला कधी दगा दिला नव्हता. आता गाडीत वायर पळून पळून पळणार किती, पुढच्या बॅटरीपासून मागच्या डिकीपर्यंत. इथे पन्नास मीटर होते. पण हा विचार त्याच्या मनात आला नाही, कारण तो त्या वेळी बायकोला दिव्याच्या पट्टीबद्दल सांगत होता.

पहिल्या संध्याकाळी सगळे खाली जमले. मेहुणाही मुद्दाम आला होता. सूर्य गेला, सेन्सरने अंधार ओळखला आणि पट्टी लागली. ती पांढरी लागायला हवी होती. लागली ती पिवळट, आजारी. डायनामो म्हणाला, बदकांना मंदच उजेड आवडतो. मग मोटर सुरू झाली. दार बोटभर खाली आलं आणि थांबलं. पट्टी विझली. सेन्सर आणि मोटर सांभाळणाऱ्या कार्डावरचा हिरवा दिवा विझला. क्षणभराने हिरवा दिवा पुन्हा लागला, दार बोटभर वर गेलं, सगळं विझलं. पुन्हा लागलं. कट, कट, कट. दार हिवतापाने भरल्यासारखं थडथडायला लागलं.

बदकं आत जायची राहिली बाजूला. मुख्याध्यापिका दारासमोर येऊन उभी राहिली, तिच्या मागे रांग लागली, आणि ती सगळी मंडळी दाराच्या तालावर माना हलवायला लागली. दार कट, माना खाली. दार कट, माना वर. इतका शिस्तीचा कार्यक्रम गावात कुणी पाहिला नव्हता. मेहुण्याने त्याचं चित्रण केलं आणि घरी पोचायच्या आत ते कुटुंबाच्या ग्रुपवर टाकलं. आठ दिवस सगळे नातेवाईक डायनामोला फोन करून पुढचा प्रयोग कधी आहे ते विचारत होते.

त्या संध्याकाळी सासूबाईंनी बदकं हाताने कोंडली.

डायनामोने दुसऱ्या दिवशी खुराड्यापाशी बैठक मारली. वायर कार्डावरून सोडवली, तिच्या टोकांना मीटर लावला. बारा. अगदी चोख बारा. म्हणजे वायर निर्दोष. मग त्याने कार्ड बदललं. दार थडथडलं. मोटर बदलली. थडथडलं. सेन्सर बदलला, अडॅप्टर बदलला. प्रत्येक वेळी वायर सोडवून मीटर लावायचा आणि मीटर बारा दाखवायचा. कार्ड विकणाऱ्या दुकानदाराला त्याने फोनवर इतकं सुनावलं, की त्याने शेवटी वैतागून विचारलं, तुमची बदकंच तर खराब नाहीत ना? आणि खरं सांगायचं तर डायनामोच्याही मनात तो विचार येऊन गेला होता. नाचता येईना की अंगण वाकडं असतं, आणि अंगणही सरळ निघालं की बदकं वाकडी.

बायको डबा घेऊन आली तेव्हा तो मीटरकडे बघत गप्प बसला होता. तो गप्प आहे हे पाहून ती घाबरली. तिने विचारलं, गॅरेजात गाडीचा दिवा मंद लागला तर तुम्ही काय करता? तो म्हणाला, काय करणार, मोठा बल्ब लावून वायर भार पेलते का ते बघतो. असं म्हणाला आणि त्याने कपाळावर हात मारून घेतला. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

त्याने गाडीच्या ब्रेकलाइटचा बल्ब आणून वायरीच्या टोकाला लावला. बल्बची तार विझत्या निखाऱ्याएवढी लाल झाली, बस. तो जळत असतानाच मीटर लावला, तर बारातले पाचएक व्होल्ट वाटेतच गायब. मग त्याने बायकोला समजावून सांगितलं, आणि या वेळी तिनेही ऐकलं. वायर बारीक असली की ती करंटला अडवते. जितकी लांब, तितकी जास्त अडवते. आणि टोकाचं यंत्र जितका जास्त करंट ओढेल, तितके व्होल्ट वाटेत जिरतात. मीटर करंट ओढतच नाही म्हटलं तरी चालेल, म्हणून त्याला पूर्ण बारा दिसतात. ज्याला जेवायचंच नाही त्याला सगळं भरपूरच वाटणार. मोटर सुरू झाली की ती ओढणार, व्होल्ट कोसळणार, कार्ड बेशुद्ध पडणार. बेशुद्ध पडलं की ओढणं थांबणार, व्होल्ट परत येणार, कार्ड जागं होणार. जागं झालं की कोणी आत अडकू नये म्हणून ते आधी दार वर घेतं, म्हणजे पुन्हा मोटर, पुन्हा कोसळणं.

बायको म्हणाली, म्हणजे जाड वायर आणा. एवढं सगळं ऐकून तिने सार काढलं ते अगदी बरोबर होतं.

पण आता डायनामोला अंदाजाने काम करायचं नव्हतं. तो हिशोबाला बसला. मोटर आणि पट्टी मिळून जास्तीत जास्त किती ओढतील, ते त्याने मोजलं. दीड चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरीला मीटरमागे किती अडथळा असतो, ते दुकानदाराकडून विचारून घेतलं. त्याला पन्नासने गुणलं. उत्तर झकास आलं: मोटर कितीही कण्हली तरी टोकाला दहा व्होल्टच्या वर राहणार. कार्ड नऊच्या खाली गेल्याशिवाय बेशुद्ध पडत नव्हतं. त्या दुपदरी वायरीचं पूर्ण बंडल घ्यावं लागलं, अर्धं उरलं, तरी त्याने तक्रार केली नाही. शनिवारी दुपारी, पट्टी अजून न जोडता, सेन्सरवर तळहात ठेवून अंधार करून बघितला. दार सरसर खाली आलं, टेकलं. पुन्हा वर गेलं. डायनामोने बायकोला, सासूबाईंना, दूधवाल्याला आणि दुकानदाराला ते करून दाखवलं. मेहुण्याला मात्र त्याने फोन केला नाही. त्याला ते रविवारी संध्याकाळी डोळ्यांनी बघू दे.

रविवारी मेहुणा चारच्या सुमाराला आला. त्याच्यामागे एक टेम्पो, टेम्पोत रिकाम्या जाळीच्या पेट्या आणि पुढे ते मोठ्या तळ्यावाले गृहस्थ. गृहस्थ सज्जन होते. त्यांनी उतरल्या उतरल्या तळ्याचं कौतुक केलं, तळं असाच शब्द वापरला, आणि सासूबाईंचा त्यांच्यावर राग धरायचा बेत फसला. मेहुण्याने आईची एक बॅगही आधीच भरून ठेवलेली पाहिली आणि तो चमकला. ती सासूबाईंनीच भरली होती. त्या म्हणाल्या की दार चाललं तर परत रिकामी करेन, नाही चाललं तर ऐनवेळी माझी धावपळ नको. त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता, पण डायनामोने त्या बॅगेकडे पुन्हा एकदा पाहिलं. तोवर त्याला वाटत होतं की पैज त्याची आणि मेहुण्याची आहे.

उजेड उतरायच्या आधी रंगीत तालीम म्हणून डायनामोने पट्टी जोडून पहिल्यांदाच सगळं एकत्र चालवलं. सेन्सरवर हात ठेवला. पट्टी लागली, छान पांढरी. मोटर सुरू झाली. दार खाली यायला लागलं. त्याने मेहुण्याकडे विजयाने पाहिलं, आणि नेमकं तेव्हाच, चौकटीत लाकूड जरा घट्ट होतं तिथे, अर्ध्यावर येऊन दार थांबलं. पट्टी विझली. हिरवा दिवा विझला. लागला. कट, कट.

मुख्याध्यापिकेने तो आवाज ओळखला. ती तळ्यातून लगबगीने बाहेर आली, सगळ्या शाळेला घेऊन दारासमोर उभी राहिली, आणि माना हलायला लागल्या. टेम्पोवाले गृहस्थ म्हणाले, वा, हे शिकवलंत कसं?

मेहुणा हसला नाही. त्याने घड्याळ पाहिलं आणि म्हणाला की अंधार पडेपर्यंत थांबू, ठरलं तसं. नंतर पेट्या उतरवू. हे त्याने चांगुलपणानेच म्हटलं, म्हणून ते जास्त लागलं.

डायनामोने या वेळी शहाण्यासारखं केलं. काही न सोडवता, दार थडथडत असतानाच मीटर लावला. जेमतेम साडेआठ. त्याच्या हिशोबाने दहाच्या वर हवं होतं. पाणी कुठेतरी मुरत होतं. हिशोबाने वाटेत पावणेदोनच्या आसपास जायला हवे होते आणि जात होते साडेतीन. त्याने पुन्हा गुणाकार केला. पुन्हा पावणेदोन. प्रत्यक्षात बरोबर दुप्पट. पाचदहा टक्के चूक असती तर सांधा सैल आहे, तांबं भेसळीचं आहे असं म्हणता आलं असतं. चूक इतकी नेटकी असली की ती वायरीची नसते, माणसाची असते, हे त्याला गॅरेजातल्या अनुभवाने माहीत होतं. पण कुठे, ते दिसेना. इथेच घोडं पेंड खात होतं. तो उकिडवा बसून स्वतःशी पुटपुटत राहिला, पन्नास मीटर, पन्नास मीटर.

मागे मायलेकांचं बोलणं चाललं होतं. मेहुणा आईला विचारत होता की इतकी वर्षं मला सांगितलं का नाहीस, गुडघे एवढे दुखतात म्हणून. मी आलो की तू म्हणायचीस, खुराडं काय, इथेच तर आहे. आणि खरंच, मलाही वाटायचं, पन्नास मीटर तर आहे.

सासूबाई म्हणाल्या, "पन्नास जायला. मला परत नाही का यायचं असतं?"

मेहुण्याचा चेहरा पडला. पण डायनामो उकिडवा बसल्याबसल्या मागे कलंडला आणि थेट चिखलात बसला. वीज तरी वेगळं काय करते? ती वरून खाली येते आणि मोटर फिरवून तिला घरी परत जावं लागतं. वायर दुपदरी होती ती काय शोभेला? एका पदराने जायचं, दुसऱ्याने यायचं. रस्ता पन्नास मीटरचा, पण वीज चालणार शंभर, आणि अडथळाही शंभराचा. त्याने गुणलं होतं एकाच पदराला.

आणि का गुणलं होतं, तेही त्याला तिथल्या तिथे कळलं, आणि तो हसायलाच लागला. गाडीत वायर फक्त जाते. परत यायला गाडीचा पत्रा असतो. बॅटरीचं एक टोक पत्र्यालाच बांधलेलं, दिव्याचं एक टोक पत्र्याला, आणि एवढ्या रुंद लोखंडातून वीज परत येताना कुणाला जाणवतही नाही. सगळा जन्म त्याने फक्त जायची वायर मोजली होती. सासूबाईंच्या उताराला पत्रा नव्हता. चिखलात बसून हसणाऱ्या माणसाकडे गृहस्थांनी पाहिलं आणि ते दोन पावलं टेम्पोच्या बाजूला सरकले.

दुकानं रविवारची बंद. याहून जाड वायर आणायची कुठून? आणि मग त्याला आठवलं की जाड वायर आणायची गरजच नाही. बंडल अर्धं उरलं होतं, अगदी हवं तेवढं. तेच पहिल्याच्या जोडीला टाकायचं. जाणाऱ्या पदराला जाणारा पदर, येणाऱ्याला येणारा, दोन्ही टोकांना एकत्र पिळून बांधायचे. दोन वायरी शेजारी शेजारी म्हणजे दुप्पट जाडीची एक वायर. अडथळा अर्धा. म्हणजे त्याचा पहिला चुकीचा हिशोबच बरोबर निघाला असता, फक्त वायर दुप्पट टाकून.

उजेड उतरायला लागला होता. डायनामो घराकडे पळाला आणि बंडल खांद्यावर घेऊन आला. वायर सोडायला दुसरा माणूस हवा होता. बायको वर अडॅप्टरपाशी बसली. खाली मेहुणाच उभा होता. त्याने बूट काढले, विजार गुडघ्यापर्यंत दुमडली आणि बंडल हातात घेतलं. उतारावर तो ज्या पद्धतीने चालला, त्याला चालणं म्हणता येणार नाही. पाऊल टाकायच्या आधी तो प्रत्येक दगड तपासत होता, आणि एकदा तर त्याने गवताच्या एका झुबक्याला दावा नाकारावा तसं नाकारलं. मुख्याध्यापिका त्याच्यामागून चालत होती. तिच्यामागे सगळी रांग. डायनामो खालून, खुराड्यापासून ओरडत होता, की रंग बघ, लाल लालला, काळा काळ्याला, उलटं लावलंस तर दोन्ही वायरी एकमेकींच्या गळ्यात पडतील आणि अडॅप्टर बसेल. मेहुणा म्हणाला, "भाऊजी, तुम्ही जरा गप्प बसता का?" आणि नवल म्हणजे भाऊजी गप्प बसले. टोकं पिळताना डायनामोचे हात हलत होते आणि तोंड बंद होतं. बायको वरून हे बघत होती; तिने नंतर सगळ्यांना सांगितलं, पण कुणाचा विश्वास बसला नाही.

टोकं बांधून झाली तेव्हा खरा अंधार पडायला लागला होता. सेन्सरवर हात ठेवायची गरज उरली नव्हती. सगळे वर ओट्यावर आले आणि सासूबाईंच्या खुर्चीभोवती उभे राहिले. खाली पट्टी लागली. दोन्ही वेळांपेक्षा पांढरी. खुराड्याचं दार एखाद्या घराचं असावं तसं उजळलं. मुख्याध्यापिका दारासमोर येऊन उभी राहिली आणि थांबली. ती कट कट ऐकायची वाट बघत होती. कट कट काही येईना. थोडा वेळ तिने मान तिरकी करून दाराकडे पाहिलं, वर ओट्याकडे पाहिलं, आणि कार्यक्रम रद्द झाल्याची तिची नाराजी पन्नास मीटरवरून सगळ्यांना समजली. मग ती आत गेली. तिच्यामागे एकेक करून सगळी गेली.

मोटर सुरू झाली. दार अर्ध्यावर आलं. सासूबाईंनी खुर्चीचा हात घट्ट धरला. पट्टी जरा मंद झाली, डायनामोने श्वास रोखला, पट्टी पुन्हा उजळली. दार खाली गेलं आणि टेकलं.

टेम्पोवाल्या गृहस्थांनी विचारलं की अशी वायर त्यांच्याकडेही टाकून मिळेल का, त्यांचं तळं फार लांब आहे. डायनामोने येतो म्हणून सांगितलं. गृहस्थ रिकाम्या पेट्या घेऊन गेले. सासूबाई आत गेल्या आणि बॅग उघडल्याचा आवाज आला. मग कपाट उघडल्याचा. आतून त्या लेकीला विचारत होत्या, की सगळ्यांना चहा टाकू का, आणि त्यांच्या आवाजात जे होतं ते लेकीला बरोबर कळलं, कारण ती घाईघाईने आत गेली.

ओट्यावर दोघेच उरले. मेहुण्याच्या पायांवरचा चिखल वाळला होता. तो खाली त्या बंद दाराकडे बघत होता. डायनामोला वाटलं की हा हरल्यामुळे गप्प आहे, आणि त्याला जरा बरंही वाटलं. मग मेहुण्याने तोंड उघडलं तेव्हा त्याचा आवाज पैज हरलेल्या माणसाचा नव्हता.

तो म्हणाला की दाव्यांच्या कागदांत एक रकाना असतो, पडलेल्या माणसाला किती वेळाने मदत मिळाली याचा. त्या दिवशी आई चिखलात किती वेळ बसली होती, ते दूधवाल्याला विचारायची त्याला हिंमत झाली नव्हती. दार तर आता लागेल. पण आई? तिला काही झालं तर ते त्याला तिकडे, त्या नवव्या मजल्यावर, कसं कळणार? मग तो ओशाळवाणं हसला.

"भाऊजी, आईच्या पलंगापासून माझ्या घरापर्यंत घंटीची वायर न्यायची म्हटली, तर किती जाड लागेल?"

डायनामोला हा विनोद आहे हे कळलं आणि नाहीये हेही कळलं. त्याने खिशातली पेन्सिल काढली आणि हिशोब मांडायला घेतला. अंतर धरलं, ते दुप्पट केलं, अडथळा धरला, भागाकार केला. आलेला आकडा पुन्हा एकदा तपासून पाहिला. मग त्याने पेन्सिल खिशात ठेवली.

"एवढी जाड मिळत नाही," तो म्हणाला. "तू रविवारी येत जा."